वाढलेले १३० मिलिसेकंद कुठून आले?

प्रश्न: मी ५७ वर्षांचा आहे, कोर्टात लघुलेखक आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. लेक २६ वर्षांची. तिच्या मोबाइलवर आम्ही दोघांनी प्रतिक्रियेचा वेग मोजला. चौकोन हिरवा झाला की दाबायचं, यात तिला सरासरी ३१० मिलिसेकंद लागले, मला ३४५. बाण डावा की उजवा हे बघून त्या बाजूला दाबायचं, यात तिला ४८०, मला ६१०. शंभरात तिच्या ९ चुका, माझ्या २. हल्ली नावं पटकन आठवत नाहीत. पण शब्दकोडं तिच्याआधी मीच सोडवतो आणि टायपिंगचा वेग अजून तोच आहे. मग वयानं नक्की बदलतं काय?

उत्तर:

तुम्ही चुकांचे आकडे दिलेत याचा मला फार आनंद झाला. गेली चोवीस वर्षं मी स्मरणशक्ती आणि लक्ष यांच्या चाचण्या घेते. येणारा प्रत्येक जण वेळ सांगतो, चुका क्वचितच कोणी सांगतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या ९ आणि २ मध्ये आहे.

आधी सोपी चाचणी घेऊ. हिरव्या चौकोनात निवडायचं काहीच नसतं. रंग बदललेला दिसला की बोट हलवायचं, एवढंच. तिथे तुम्ही लेकीच्या मागे आहात ते ३५ मिलिसेकंदांनी. ब्रिटनमधल्या सात हजारांहून जास्त प्रौढांच्या मोजणीचा अभ्यास जेफ डेर आणि इयन डिअरी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असंच दिसलं होतं. साधी प्रतिक्रिया पन्नाशीपर्यंत जवळजवळ तशीच राहते आणि मग सावकाश लांबत जाते. अनेक पर्यायांतून एक निवडायचा असेल, तर मात्र वेळ तरुणपणापासूनच थोडा थोडा वाढत असतो. या ३५ मिलिसेकंदांत डोळ्यांचाही वाटा आहे. वय वाढतं तशी बाहुली लहान राहू लागते आणि भिंग पिवळसर होतं. मंद उजेडात साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर पोचणारा प्रकाश विशीच्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. म्हणून चाचणीच्या वेळी चष्मा लावलेला असावा आणि स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलेला असावा. नाहीतर आपण डोळा मोजतो आणि नाव डोक्याचं घेतो.

आता बाण. तिथे फरक १३० चा आहे. त्यातले ३५ डोळ्या-बोटाचे म्हणून बाजूला ठेवले, तर ९५ उरतात. हे ९५ आले कुठून, हा खरा प्रश्न आहे.

किराणा दुकानातला जुना तराजू डोळ्यांसमोर आणा. एक पारडं ‘डावा’चं, दुसरं ‘उजवा’चं. बाण दिसला की मेंदू क्षणाक्षणाला कुठल्या तरी पारड्यात दाणा टाकतो. बहुतेक दाणे बरोबर पारड्यात पडतात, काही चुकून दुसऱ्यातही जातात, कारण मेंदूपर्यंत येणारी खबर कधीच पूर्ण स्वच्छ नसते. एक पारडं ठरलेल्या खुणेपर्यंत खाली गेलं की निर्णय झाला, बोट हलतं. मग उशीर होण्याच्या जागा तीनच उरतात. दाणे हळू पडत असतील. किंवा दाणे त्याच वेगानं पडतात, पण माणसानं खूणच खाली लावली आहे, म्हणजे ‘आणखी थोडं वजन पडू दे, मग सांगतो’ असा त्याचा पवित्रा आहे. किंवा तराजूच्या आधी आणि नंतर, म्हणजे बघण्यात आणि बोट हलवण्यात, वेळ जातो आहे.

या तीन जागा केवळ सरासरी वेळ बघून वेगळ्या करता येत नाहीत. बरोबर उत्तरांना लागलेला वेळ, चुकीच्या उत्तरांना लागलेला वेळ, चुकांचं प्रमाण आणि वेळा किती विखुरल्या आहेत, हे सगळं एकत्र घेतलं तरच त्या सुटतात. त्यासाठीचं गणित रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये मांडलं. पुढे अंजली थापर आणि गेल मकून यांच्याबरोबर त्यांनी साठी-सत्तरीतले लोक आणि कॉलेजातली मुलं यांची तुलना केली. बऱ्याच चाचण्यांत त्यांना दाणे पडण्याचा वेग दोघांचा जवळपास सारखा आढळला. ज्येष्ठांचा वेळ जात होता तो खूण खाली लावण्यात आणि बघण्या-हलण्यात. पुसट, क्षणभरच दाखवलेलं अक्षर ओळखायचं असेल, तिथे मात्र दाणेही कमी वेगानं पडत होते. म्हणून ‘म्हातारपणी फक्त सावधपणा वाढतो, बाकी सगळं तेच राहतं’ असं म्हणणारा माणूस अर्धंच सांगतो.

२०२२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी इंटरनेटवर एक वर्गीकरणाची चाचणी दिलेल्या सुमारे १२ लाख लोकांची माहिती याच गणितातून काढली. वेळ विशीनंतर वाढत जातो हे त्यातही दिसलंच. पण विशी ते साठी या काळातला उशीर मुख्यतः सावधपणातून आणि बघण्या-हलण्याच्या वेळातून आला होता. दाण्यांचा वेग साठीपर्यंत जवळजवळ टिकून होता, त्यानंतर तो उतरू लागला. हे लोक आपणहून चाचणी द्यायला आलेले होते, चाचणी सोपी होती, आणि एकाच माणसाला वर्षानुवर्षं मोजलेलं नव्हतं. एवढं लक्षात ठेवूनही, ‘मेंदू विशीपासूनच मंदावतो’ हे सरसकट विधान त्यानंतर मला करवत नाही.

माझ्याकडचं एक उदाहरण देते. ६१ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका भाच्याबरोबर आल्या होत्या, भाचा २९ चा. बाणांचीच चाचणी होती. नेहमीसारखी सूचना दिली तेव्हा बाईंना ६५५ मिलिसेकंद लागले, शंभरात चूक १. भाच्याला ५००, चुका ८. फरक १५५ चा. बाईंचा चेहरा उतरला. मग मी त्यांना म्हटलं, “आता शंभरात दहा चुका झाल्या तरी चालतील, पण थांबायचं नाही.” वेळ आला ५४५, चुका ६. भाच्याला उलट सांगितलं, “आता एकही चूक नको.” त्याला लागले ५७०, चुका २. आता जोड्या नीट लावून बघा. दोघंही घाईत असताना ५४५ विरुद्ध ५००, फरक ४५. दोघंही जपून करत असताना ६५५ विरुद्ध ५७०, फरक ८५. म्हणजे १५५ मधला बराचसा भाग बाईंच्या त्या सवयीचा होता, जिने त्यांनी आयुष्यभर वह्या तपासल्या. उरलेला ४५ ते ८५ चा फरक खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण तो १५५ नाही.

हेच तुम्ही घरी करू शकता. सुरुवातीच्या वीस खेळ्या सरावाच्या म्हणून सोडून द्या. मग शंभर ‘चूक नको’ म्हणून, आणि शंभर ‘घाई करा’ म्हणून. दोघांनीही, त्याच फोनवर. सरासरीऐवजी मधला आकडा घ्या, म्हणजे सगळे वेळ चढत्या क्रमानं लावून बरोबर मध्यावरचा. एखादी वेळ दारावरची बेल वाजली आणि दोन सेकंद गेले, तर सरासरी बिघडते, मधला आकडा बिघडत नाही. फोनची काच स्पर्श नोंदवायला स्वतःचा वेळ घेते, म्हणून ३४५ या आकड्याला एकट्याला अर्थ नाही. एकाच फोनवरच्या दोन आकड्यांमधल्या फरकाला आहे.

आता टायपिंगकडे येते, कारण तुमच्या पेशामुळे तुमचं उत्तर इथे फार छान उलगडतं. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये १९ ते ७२ वर्षांच्या टायपिस्टांचा अभ्यास केला. वयस्कर टायपिस्टांची निवडीची प्रतिक्रिया हळू होती, नुसतं बोट आपटण्याचा वेगही कमी होता. तरीही टायपिंगचा वेग वयानुसार घटलेला नव्हता. हे कसं, तर त्यांची नजर बोटांच्या जास्त पुढे चालत होती. बोट एका अक्षरावर असताना डोळे पुढची कितीतरी अक्षरं वाचून बसलेले, म्हणजे पुढच्या कळीची तयारी लवकर सुरू झालेली. मजकूर एका वेळी एकच अक्षर दिसेल असा दाखवला, की ही पुढची नजर बंद पडते आणि टायपिंग निवडीच्या प्रतिक्रियेसारखंच होऊन बसतं.

मराठी टायपिंग संस्थेत ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षांची तयारी केलेल्या कोणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. नवशिका एक अक्षर बघतो, एक कळ दाबतो. मुरलेला माणूस ‘सदर प्रकरणी’ दिसलं की पुढे काय येणार ते हातानंच ओळखतो. तुमचा वेग टिकलाय तो यामुळे. उद्या एखाद्या अनोळखी भाषेतली, अर्थ न लागणारी अक्षरं टाइप करायला दिली, तर तो तसा टिकणार नाही. सरावानं आलेला वेग त्या कामापुरता असतो, तो बाणांच्या चाचणीत उपयोगी पडत नाही.

स्मरणाचं काय होतं, ते याच धाग्यानं पुढे जातं. आठवणीची साठवण आणि आठवणीपर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वयाचा मार पोचण्यावर जास्त बसतो. बारा शब्दांची यादी वाचून दाखवली आणि वीस मिनिटांनी विचारलं, तर साठीतला निरोगी माणूस पाच-सहा सांगतो आणि थांबतो. मग तेच बारा शब्द दुसऱ्या बारांत मिसळून ‘हा होता का?’ असं विचारलं, की दहा-अकरा ओळखतो. म्हणजे शब्द आत होते, आपणहून बाहेर येत नव्हते. अगदी सगळा दोष पोचण्याचाच असतो असंही नाही. दोन गोष्टींची जोडी, उदाहरणार्थ हा चेहरा आणि हे नाव, ही बांधतानाच सैल बांधली जाते. चेहरा आठवतो, नाव आठवतं, पण कोणाचं कुठलं ते निसटतं.

इथे वेगाचाही संबंध येतो. सॉल्टहाउस यांनीच १९९६ मध्ये तो नीट मांडला. साहेब लांबलचक वाक्य सांगत असतील आणि त्याचा शेवट समजून घ्यायला थोडा जास्त वेळ लागला, तर तेवढ्यात वाक्याची सुरुवात मनातून फिकी होते. दोन्ही टोकं एकाच वेळी हातात राहत नाहीत, आणि जे एकत्र हातात आलंच नाही ते एकत्र लक्षातही राहत नाही. बाहेरून ते विसरणं दिसतं, आत ते हळू पोचणं असतं. म्हणूनच सांगणारा जरा थांबत थांबत बोलला तर ज्येष्ठांची आठवण सुधारते. यात कमी ऐकू येण्याचाही फार मोठा हात असतो. शब्द ऐकू येण्यातच मेहनत खर्च झाली, तर साठवायला मेहनत उरत नाही.

आता नावं, आणि तुमचं शब्दकोडं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे बहुतेकांना पटत नाही. शब्दाचा अर्थ चार पर्यायांतून ओळखायचा असेल, तर माणसाची कामगिरी पन्नाशी-साठीपर्यंत वाढतच जाते. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्माइन यांनी २०१५ मध्ये इंटरनेटवरच्या हजारो लोकांची जी माहिती मांडली, तिच्यात चिन्हं-आकडे जुळवण्याचा वेग विशीच्या आसपास शिखरावर होता आणि शब्दसंग्रहाचं शिखर थेट साठीच्या उत्तरार्धात आलं. तुम्ही वाचता, ऐकता, दिवसभर कोर्टाची भाषा लिहिता, तुमचा साठा भरतच असतो. त्याला घड्याळ लावलेलं नसतं, म्हणून शब्दकोड्यात तुम्ही पुढे असता. खूप उतारवयात, साधारण सत्तरीच्या शेवटाकडे, हा साठाही थोडा उतरू लागतो.

पण अर्थ माहीत असणं आणि उच्चार जिभेवर येणं यांच्यामध्ये एक दुवा असतो, आणि वयानं सैल होतो तो हा दुवा. डेबोरा बर्क आणि डोनाल्ड मॅके यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की ‘अगदी जिभेवर आहे’ असे प्रसंग वयाबरोबर वाढतात आणि त्यांत माणसांची नावं सगळ्यांत पुढे असतात. नावंच का, याचं एक सुंदर उत्तर प्रयोगातून मिळालं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, तुम्हाला कोणी ओळख करून दिली की हे गृहस्थ सुतारकाम करतात, तर ‘सुतार’ हा शब्द तुम्हाला नंतर बऱ्यापैकी आठवतो. तेच, या गृहस्थांचं आडनाव सुतार आहे असं सांगितलं, तर आठवणं कठीण जातं. शब्द तोच आहे. पण सुतारकामाला रंधा आहे, लाकडाचा भुसा आहे, दुकान आहे, म्हणजे शब्दापर्यंत जायला दहा वाटा आहेत. आडनावाला एकच वाट आहे, आणि ती सैल झाली की शब्दच बंद होतो. विशीतही हे होतं, साठीत जास्त वेळा होतं.

त्या वेळी नाव ओढून काढण्याचा हट्ट करू नका. हट्टात एखादं चुकीचं नाव पुन्हा पुन्हा समोर येऊन बसतं आणि बरोबर नावाची वाट अडवतं. पहिलं अक्षर मिळालं तर बहुधा सुटतं, म्हणून मी लोकांना मनात ‘क, का, कि, की’ अशी बाराखडी फिरवायला सांगते. नाही सुटलं, तर सोडून द्या. निरोगी माणसाचं नाव तासाभरात, आंघोळ करताना, बसमध्ये, आपणहून परत येतं.

हे ‘परत येणं’ मी चाचणीत सगळ्यांत आधी बघते. पहिलं अक्षर दिलं, खूण दिली, चार पर्याय दिले, तरीही आठवण येत नसेल, तर ती साठवलीच गेलेली नाही अशी शंका येते, आणि ते वयाचं नेहमीचं लक्षण नव्हे. तसंच, नावांऐवजी रोजचे साधे शब्द जाऊ लागले, ‘चमचा’च्या जागी ‘ते हे’ येऊ लागलं, अर्ध्या तासात तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला जाऊ लागला, वर्षानुवर्षं केलेल्या कामाचा क्रम चुकू लागला, तर थांबू नये. यांतलं बरंच काही घरच्यांना आधी दिसतं. तपासणीत सुरुवातीलाच बी१२, थायरॉइड, ऐकणं, झोप, मनाची उदासी आणि चालू औषधं बघावी लागतात. सर्दीच्या, खाजेच्या आणि झोपेच्या काही गोळ्या ज्येष्ठांचा वेग आणि स्मरण दोन्ही खाली ओढतात, आणि डॉक्टरांनी त्या बदलून दिल्या की आकडे परत वर येतात. तुमच्या पत्रात यांतलं एकही लक्षण मला दिसलं नाही.

एक गोष्ट राहिली, ती म्हणजे लेकीशी केलेली तुलना. ती २६ ची आहे म्हणून वेगळी आहे, की ती स्क्रीनवर वाढली, वेगळ्या शाळेत शिकली, म्हणून वेगळी आहे, हे एका दिवसाच्या मोजणीतून कळूच शकत नाही. वॉर्नर शाइ यांनी १९५६ मध्ये सिएटलमध्ये सुरू केलेल्या अभ्यासानं हा गुंता सोडवायला सुरुवात केली. तीच माणसं दर सात वर्षांनी पुन्हा बोलावली. एकाच वर्षी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना मोजलं, तर तर्क आणि भाषा तारुण्यापासूनच घसरताना दिसायच्या. त्याच माणसांचा मागोवा घेतला, तर त्या साठीच्या आसपासपर्यंत बऱ्याच टिकलेल्या निघाल्या. घसरण म्हणून दिसत होता त्यातला बराच भाग पिढ्यांमधल्या शिक्षणाचा होता. आपल्याकडे सातवी शिकलेली आजी आणि पदवीधर नात एका घरात असतात. तिथे हा फरक आणखीच मोठा असणार. शाइंच्या पद्धतीतही खोट आहे. पुन्हा पुन्हा चाचणी दिल्यानं सराव होतो, आणि आजारी माणसं मध्येच गळून जातात, म्हणून चित्र खऱ्यापेक्षा थोडं उजळ दिसतं. वेगाच्या चाचण्यांत मात्र दोन्ही पद्धतींनी घसरण लवकर दिसते, ती पिढीच्या फरकानं पुसली जात नाही.

तेव्हा लेकीशी शर्यत खुशाल लावा, पण नोंद स्वतःचीच ठेवा. वर्षातून एकदा, साधारण त्याच महिन्यात, सकाळी, चष्मा लावून, झोप नीट झालेल्या दिवशी. चारच गोष्टी लिहा: मधला वेळ, शंभरात चुका, सर्वांत जलद आणि सर्वांत संथ खेळीतलं अंतर, आणि सूचना कोणती होती, ‘चूक नको’ की ‘घाई’. दुसऱ्या वर्षी थोडी सुधारणा दिसली तर ती सरावाची असेल. मधला वेळ तेवढाच असून जलद-संथ यांतलं अंतर खूप वाढलं, तर तो आकडा मला दाखवा, कारण लक्ष मधूनच सुटू लागल्याची खूण सरासरीच्या आधी तिथे उमटते. आणि मधे फोन बदलला, तर जुने आकडे नव्या आकड्यांना जोडू नका, पहिल्यापासून मोजा.